एसआयपी विवरणपत्र

म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम गुंतवणाऱ्याला त्या व्यवहारांचा जो उतारा मिळतो, त्याला एसआयपी विवरणपत्र किंवा नुसते ‘स्टेटमेंट’ म्हणतात. फंडाच्या वतीने निबंधक संस्था ते तयार करते. भारतात कॅम्स आणि केफिनटेक या दोन संस्थांचे नाव त्यावर बहुधा दिसते. माथ्यावर फोलिओ क्रमांक आणि योजनेचे नाव असते. खाली प्रत्येक हप्त्याची एक ओळ असते. तीत दिनांक, रक्कम, त्या दिवसाची किंमत, मिळालेले युनिट आणि एकूण शिल्लक युनिट दिलेले असतात.

किंमत म्हणजे निव्वळ मालमत्ता मूल्य, रोजच्या बोलीत ‘एनएव्ही’. योजनेच्या मालमत्तेच्या बाजारभावातून देणी व खर्च वजा करून उरलेल्या रकमेला एकूण युनिटांनी भागले की ती निघते. इक्विटी योजनेची एनएव्ही बाजार बंद झाल्यावर काढून रात्री जाहीर होते. त्यामुळे पैसे देताना आपल्याला कोणता भाव मिळणार हे कोणालाच माहीत नसते.

एक उदाहरण घेऊ. दरमहा २० तारखेला ५,००० रुपयांचा हप्ता, सुरुवात ऑक्टोबर २०२४ पासून. (तारखा त्या वर्षीच्या पंचांगाप्रमाणे आहेत, भाव समजावण्यापुरते धरले आहेत.) २० ऑक्टोबरला रविवार होता, म्हणून हप्ता २१ तारखेच्या भावाने लागला. २० नोव्हेंबरला बुधवार असूनही महाराष्ट्र विधानसभेच्या मतदानामुळे मुंबईचे शेअर बाजार बंद होते. हप्ता पुन्हा २१ वर गेला. २० डिसेंबरला शुक्रवार आणि बाजार चालू, त्यामुळे तारीख जागेवर राहिली. मुंबईतल्या मतदानाच्या सुट्टीने नागपूरच्याच नव्हे, कोलकात्याच्या गुंतवणूकदाराचाही हप्ता सरकतो, कारण कामकाजाचा दिवस बाजाराच्या वेळापत्रकावरून ठरतो; आपल्या गावच्या सुट्टीवरून ठरत नाही.

आता युनिट. १ जुलै २०२० पासून खरेदीवर ०.००५ टक्के मुद्रांक शुल्क कापले जाते. ५,००० रुपयांवर ते २५ पैसे होते, म्हणून भागाकार ४,९९९.७५ चा करायचा. २१ ऑक्टोबरचा भाव ६२.४१८० धरला तर ८०.१०१ युनिट मिळतात. २१ नोव्हेंबरला भाव ५८.९२४० वर उतरला, तर ८४.८५१ युनिट. २० डिसेंबरला ६०.१५६० भावाने ८३.११३ युनिट. शिल्लक २४८.०६५ युनिट, आणि २० डिसेंबरच्या भावाने त्यांचे मूल्य १४,९२२.६० रुपये. खिशातून मात्र १५,००० रुपये गेलेले असतात. ही ७७ रुपयांची घट पाहून कंपनीने काहीतरी कापले असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात मुद्रांक शुल्क तिन्ही हप्त्यांचे मिळून फक्त ७५ पैसे झाले. बाकीचा फरक भावाचा आहे. फंडाचा वार्षिक खर्च एनएव्ही काढतानाच वजा झालेला असतो, त्यामुळे विवरणपत्रात त्याची ओळ शोधून सापडत नाही. युनिट तीन दशांश स्थळांपर्यंत देतात. आपल्या भागाकारात शेवटचा अंक एकाने मागेपुढे आला तर ती चूक समजू नये.

खरा गोंधळ होतो तो बँकेच्या पासबुकाशी विवरणपत्र ताडून पाहताना. एका हप्त्याला तीन तारखा असतात: आपण निवडलेली, बँक खात्यातून पैसे गेल्याची आणि भाव लागल्याची. १ फेब्रुवारी २०२१ पासून रक्कम कितीही असो, पैसे फंडाच्या खात्यात वापरायला उपलब्ध झाले की त्या दिवसाचा भाव मिळतो. त्यासाठी ते दुपारी ३ च्या आत पोचावे लागतात. त्यानंतर पोचले तर पुढच्या कामकाजाच्या दिवसाचा भाव. (लिक्विड आणि ओव्हरनाइट योजनांचे नियम वेगळे आहेत.) बँकेचा आदेश एनएसीएच यंत्रणेतून जातो, आणि ती २०२१ च्या ऑगस्टपासून सुट्टीच्या दिवशीही चालते. त्यामुळे पासबुकात पैसे रविवारी वजा झालेले आणि विवरणपत्रात सोमवारची किंवा मंगळवारची तारीख, असे दिसू शकते. एवढ्यावरून तक्रार करण्यासारखे काही नसते.

तक्रार करायची वेळ वेगळी. विवरणपत्रातील तारखेची एनएव्ही ‘अ‍ॅम्फी’च्या संकेतस्थळावर पाहावी. ती जुळत नसेल, किंवा पैसे जाऊन कामकाजाचे तीन-चार दिवस उलटले तरी ओळच आली नसेल, तर फंडाला फोलिओ क्रमांक व बँकेचा व्यवहार क्रमांक देऊन एकच प्रश्न विचारावा: पैसे योजनेच्या खात्यात कोणत्या दिवशी, किती वाजता जमा झाले? भाव त्याच उत्तरावर अवलंबून असतो.

कधी युनिट दिल्याची ओळ आणि लगेच तेवढेच युनिट उणे केल्याची ओळ दिसते. याचा अर्थ खात्यात शिल्लक नसल्याने किंवा अन्य कारणाने हप्ता परत गेला. बँक त्याचा वेगळा दंड लावते, तो विवरणपत्रात येत नाही. मासिक एसआयपीचे सलग तीन हप्ते असे बुडाले तर ती रद्द होते, आणि नव्याने नोंदवावी लागते.