भाजक 89: मुंबईच्या राहणीखर्च निर्देशांकातील भारांची कुळकथा

अनेक वस्तूंच्या भावांतील चढउतार एकाच आकड्यात सांगायचा, तर प्रत्येक वस्तूला किती महत्त्व द्यायचे हा प्रश्न टाळता येत नाही, आणि निर्देशांकाच्या इतिहासातील बहुतेक वाद याच प्रश्नाभोवती झाले आहेत. इटलीच्या कार्ली याने 1764 साली धान्य, दारू आणि तेल यांच्या दीर्घकाळातील भावांची तुलना केली, तेव्हा त्याने तिन्ही वस्तूंच्या भाववाढीची साधी सरासरी काढली, म्हणजे तिन्हींना समान लेखले. इंग्रज शेतीलेखक आर्थर यंग याने 1812 साली ही समानता मोडली आणि गव्हासारख्या वस्तूचा आकडा सरासरीत अनेक वेळा धरून तिचे महत्त्व वाढवले. वस्तूच्या आकड्याला ज्या संख्येने गुणून मग सरासरी काढायची, त्या संख्येला ‘भार’ म्हणतात आणि अशा सरासरीला ‘भारित सरासरी’. हा भार अंदाजाने न ठरवता, तुलनेचा प्रारंभ ज्या काळापासून करायचा त्या आधारकाळातील प्रत्यक्ष खपावरून घ्यावा, ही रीत 1871 मध्ये जर्मन अर्थशास्त्रज्ञ लास्पेर याने मांडली आणि पुढे जगभरच्या सरकारी कचेऱ्यांनी तीच उचलली.

मुंबईत ही रीत आली ती पहिल्या महायुद्धानंतरच्या महागाईत. मुंबई सरकारने 1921 साली कामगार कार्यालय स्थापन केले, त्याचे मासिक ‘लेबर गॅझेट’ त्याच वर्षी निघू लागले, आणि जुलै 1914 हा आधार मानून मुंबईच्या श्रमिकांच्या राहणीखर्चाचा निर्देशांक त्यात छापला जाऊ लागला. या पहिल्या निर्देशांकाची घडण पाहिली, की भार तपासण्याची विद्या पुढे कशातून जन्मली ते समजते. श्रमिकांची कुटुंबे कशावर किती खर्च करतात याची पाहणी तोवर झालेलीच नव्हती. त्यामुळे भार म्हणून युद्धापूर्वीच्या काळात साऱ्या हिंदुस्थानात प्रत्येक वस्तूचा एकूण किती खप होता याचे कोटी-कोटी मणांचे अंदाज वापरले गेले. देशाच्या सरासरी माणसाचे ताट अशा रीतीने लालबाग-परळच्या चाळीतील माणसापुढे ठेवले गेले.

त्या यादीत तांदूळ, गहू, ज्वारी, बाजरी, हरभरा, तूरडाळ, गूळ, साखर, चहा, मीठ, गोमांस, मटण, दूध, तूप, बटाटे, कांदे आणि खोबरेल होते. सरपणाच्या बाजूला रॉकेल, जळाऊ लाकूड आणि कोळसा, कापडाच्या बाजूला धोतरे आणि इतर साधे कापड, आणि शेवटी घरभाडे. गिरण्यांतील कामगारांचा मोठा भाग रत्नागिरी जिल्ह्यातून आलेला असताना या यादीत मासळी नव्हती. पानसुपारी, विडी, न्हावी, साबण, औषध, गावी जाण्यायेण्याचे भाडे यांपैकीही काही नव्हते. ‘किरकोळ’ नावाचा गटच नव्हता. अन्नगटाचा हिस्सा मात्र एकूण भाराच्या सुमारे चार-पंचमांश झाला होता.

हे भार चुकीचे आहेत हे बाहेरच्या टीकाकारापेक्षा कार्यालयाच्या स्वतःच्या पाहणीनेच अधिक नेमकेपणाने दाखवले. कार्यालयाचे प्रमुख फिंडले शिरास यांनी 1921-22 मध्ये मुंबईतील 2,473 श्रमिक कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली आणि तिचा अहवाल 1923 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दर शंभर रुपयांच्या खर्चात अन्नावर 56.8, इंधन व दिवाबत्तीवर 7.4, कपड्यांवर 9.6, घरभाड्यावर 7.7 आणि किरकोळ बाबींवर 18.5 रुपये जात असल्याचे आढळले. म्हणजे खर्चाचा जवळजवळ पाचवा हिस्सा ज्या गटात मोडत होता, तो गट निर्देशांकात अस्तित्वातच नव्हता.

गट वगळला म्हणजे त्याचा भार शून्य झाला, एवढेच बहुतेकांच्या लक्षात येते. त्यामुळे उत्तराचे काय होते हे मात्र गणित मांडल्याशिवाय कळत नाही. शिरास यांच्या पाहणीचे हिस्से भार म्हणून घ्यावेत आणि केवळ उदाहरणासाठी असे मानावे, की आधारकाळाच्या 100 वरून अन्नाचा आकडा 150, इंधनाचा 170, कपड्यांचा 220, भाड्याचा 110 आणि किरकोळ गटाचा 180 झाला आहे. प्रत्येक आकडा आपल्या भाराने गुणून बेरीज केली, की 16,067 येतात आणि भारांच्या बेरजेने, म्हणजे 100 ने, भागल्यावर निर्देशांक 160.7 येतो. आता किरकोळ गट गाळला, तर उरलेल्या चार गुणाकारांची बेरीज 12,737 होते, भारांची बेरीज 81.5 उरते आणि भागाकार 156.3 येतो. हाच 156.3 किरकोळ गटाला देऊन पाचही गटांची सरासरी पुन्हा काढली, तरी उत्तर 156.3 च राहते. म्हणून गाळलेल्या गटाचे भाव उरलेल्यांच्या सरासरीइतकेच वाढले, असे निर्देशांकाने न सांगता गृहीत धरलेले असते. होणारी चूकही यावरून थेट मिळते: गाळलेल्या गटाचा हिस्सा 0.185 आणि त्याच्या खऱ्या आकड्याचे उरलेल्यांच्या सरासरीपासूनचे अंतर 23.7, यांचा गुणाकार 4.4, आणि 160.7 व 156.3 यांतील फरक तेवढाच आहे. गाळलेला गट मोठा असूनही त्याचे भाव इतरांबरोबर चालत असतील तर चूक नगण्य राहते, आणि लहान गटाचे भाव वेगळ्याच वाटेने गेले तर तोही उत्तर बिघडवू शकतो. म्हणून नुसती हिश्शाची टक्केवारी पाहून वगळणुकीला क्षमा करता येत नाही.

याहून ढोबळ, पण अहवालांत वारंवार घडणारी चूक भाजकाची असते. गट गाळला गेला आणि भागायचे मात्र 100 नेच राहिले, तर वरच्या उदाहरणात उत्तर 127.4 येते. भारित सरासरी ही नेहमी सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आकड्याच्या दरम्यान असली पाहिजे, ही पहिली कसोटी तपासनीस लावतो. पण येथे भाड्याचा आकडा 110 असल्यामुळे 127.4 त्या मर्यादेत बसतो आणि चूक निसटते. तिला पकडणारी कसोटी अगदी साधी आहे. सर्व गटांच्या जागी 100 हा आकडा ठेवून तेच सूत्र पुन्हा चालवावे. भाव मुळीच बदललेले नसतील तर निर्देशांक 100 च यायला हवा, आणि येथे तो 81.5 येतो. संपूर्ण अहवाल हाती नसला तरी केवळ भारांच्या कोष्टकावरून ही तपासणी करता येते, म्हणून ती सर्वांत आधी करावी.

मुंबईचा दुसरा निर्देशांक या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे, कारण त्यातील वगळणूक लपवलेली नव्हती. कामगार कार्यालयाने 1932-33 मध्ये नवी पाहणी केली आणि जुलै 1933 ते जून 1934 हा आधारकाळ घेऊन नवी मालिका सुरू केली. पाहणीत अन्न 46.60, इंधन व दिवाबत्ती 7.11, कपडे 7.75, अंथरूण-पांघरूण 0.13, घरभाडे 12.81 आणि किरकोळ 25.60 टक्के असे हिस्से आले. निर्देशांकात मात्र अन्नाला 47, इंधनाला 7, कपड्यांना 8, भाड्याला 13 आणि किरकोळ गटाला 14 भार दिला गेला. ही बेरीज 89 होते, आणि छापील कोष्टकात ती तशीच 89 म्हणून दिलेली असे.

उरलेले 11 कोठे गेले याचा ताळा जमतो, आणि तो ताळा करणे हीच भार तपासण्याची खरी पद्धत आहे. किरकोळ गटातील 25.60 पैकी 14 घेतले, म्हणून 11.60 सुटले; अंथरूण-पांघरुणाचे 0.13 धरून 11.73 होतात, अन्न, कपडे आणि भाडे यांचे भार वरच्या पूर्णांकात आणि इंधनाचा खालच्या पूर्णांकात नेल्यामुळे 0.73 वाढले, ते वजा केले की बरोबर 11 उरतात. ताळा असा शेवटच्या दशांशापर्यंत मिळाला, की वगळणूक नेमकी कोणत्या गटात आहे हे निश्चित होते. न्हावी, साबण, औषध, सुपारी, विडी, गावचा प्रवास आणि वर्तमानपत्र अशा बाबी निर्देशांकात आल्या; ज्यांचा ठरावीक नग आणि बाजारभाव दरमहा नोंदता येत नाही असा किरकोळ खर्च बाहेर राहिला. येथे कार्यालयाचा निर्णय समजण्यासारखा आहे, आणि 89 ने भागल्यामुळे हिशेबही शुद्ध आहे. परंतु बाहेर राहिलेला खर्च आत असलेल्यांच्या गतीनेच वाढतो हे गृहीतक पुढे कित्येक वर्षे त्या आकड्यासोबत चालत राहिले.

दोन पाहण्या शेजारी ठेवल्या, की भार कसे शिळे होतात तेही दिसते. दहा वर्षांत अन्नाचा हिस्सा 56.8 वरून 46.6 वर आला आणि भाड्याचा 7.7 वरून 12.81 वर गेला. यावरून कामगार कमी जेवू लागला असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल, कारण मधल्या काळात मंदीने धान्याचे भाव कोसळले होते, आणि खर्चाचा हिस्सा हा नगांची संख्या आणि भाव या दोहोंचा गुणाकार असल्यामुळे भाव पडला की खाणे तेवढेच राहूनही हिस्सा घटतो. म्हणूनच भार कोणत्या वर्षाच्या खर्चाचे आहेत आणि आधारकाळ कोणता आहे, या दोन तारखा अहवालात शोधून जुळवून पाहाव्या लागतात. त्यांत अंतर असून मधल्या काळात भाव हलले असतील, तर भार आधारकाळाच्या भावांवर आणून घेतल्याखेरीज लास्पेर यांची रीत पाळली गेली असे म्हणता येत नाही.

आधार 1933-34 ची मालिका दुसरे महायुद्ध, रेशनिंग आणि स्वातंत्र्य ओलांडून चालू राहिली, आणि तिच्यावर गिरणी कामगारांचा महागाई भत्ता ठरत असल्यामुळे तिच्यातील प्रत्येक अंकाला पगाराचे मोल आले. तिच्या जागी 1960 हे आधारवर्ष असलेली मालिका आणताना जुन्या आणि नव्या आकड्यांचा सांधा जुळवणारा गुणक ठरवावा लागला, कारण भत्त्याचे करार जुन्या आकड्यांत लिहिलेले होते. जुना निर्देशांक खरी महागाई कमी दाखवतो अशी तक्रार घेऊन 1963 साली मुंबईचे कामगार रस्त्यावर आले, आणि महाराष्ट्र सरकारने अर्थशास्त्रज्ञ डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. मुंबईसाठी 4.44 हा जोडगुणक वापरात आला. म्हणजे नव्या मालिकेत निर्देशांक 150 असेल तेव्हा जुन्या मालिकेत तो 666 मानायचा. गुणकात 0.10 ची चूक असती तर त्याच ठिकाणी जुना आकडा 15 अंकांनी बदलला असता, आणि भत्ता अंकागणिक मोजला जात असल्यामुळे तो फरक दर महिन्याच्या पगारपत्रकात उतरला असता.