‘आमच्या’ या शब्दाचे इंग्रजी

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे निधन 16 जानेवारी 1901 रोजी झाले. त्यानंतर नऊ वर्षांनी, 1910 मध्ये, रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. मराठीतील हे एक थोर व्यक्तिचित्र. परंतु ज्याचे चित्र काढायचे त्याच्या शेजारीच लेखिका उभी आहे. शीर्षकातील ‘आमच्या’ हा शब्द हीच गोष्ट सांगतो. ‘आपल्या’ म्हटले असते तर वाचकही त्यात सामावला असता. ‘आमच्या’ने वाचकाला उंबरठ्यावर थांबवले आणि पतिपत्नींना एकत्र ठेवले. इंग्रजीत या दोन्ही सर्वनामांसाठी एकच शब्द आहे, त्यामुळे भाषांतरकाराची अडचण मुखपृष्ठापासूनच सुरू होते.

या पुस्तकाची दोन इंग्रजी रूपे या दृष्टीने ताडून पाहण्यासारखी आहेत. 1938 साली कॅथरीन व्हॅन एकिन गेट्स यांनी केलेले भाषांतर आणि रूपांतर न्यूयॉर्कहून प्रसिद्ध झाले. त्याचे नाव ‘हिमसेल्फ : द ऑटोबायोग्राफी ऑफ अ हिंदू लेडी’. पुढे 1963 मध्ये भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने कुसुमावती देशपांडे यांचे भाषांतर काढले, ते ‘रानडे : हिज वाइफ्स रेमिनिसन्सेस’ या नावाने. पहिल्या उपशीर्षकाने पुस्तक पत्नीचे आत्मचरित्र केले. दुसऱ्याने पतीचे नाव आघाडीला आणून पत्नीला त्याच्या नात्याने ओळखले. मूळचे ‘आमच्या’ दोन्हीकडे दुभंगले.

तरीही ‘हिमसेल्फ’ ही निवड विचारात घेण्याजोगी आहे. रमाबाईंच्या पिढीतील स्त्री पतीचे नाव उच्चारीत नसे. ‘स्वतः’, ‘इकडे’, ‘तिकडे’ अशा शब्दांनी ती वेळ निभावून नेई. आयर्लंडच्या इंग्रजीत घरच्या यजमानाला ‘हिमसेल्फ’ म्हणण्याची लकब आहे, म्हणजे शब्द अगदीच परका नव्हे. मात्र त्या लकबीत आदराबरोबर मिस्कीलपणाही डोकावतो. मराठीतील संकोच तिकडे थट्टेसारखा ऐकू येण्याचा धोका उरतोच. उलट देशपांडे यांच्या शीर्षकात जे नाव ठळकपणे छापले आहे, ते घेण्याचे पत्नी टाळीत असे. वाचकाची सोय झाली आणि नात्यातील संकोच झाकला गेला.

शीर्षकाची ही अडचण पुढे वाक्यावाक्यात भेटते. वानगीदाखल त्या काळच्या घरगुती वळणाचे एक वाक्य आपणच रचून पाहू : “इकडून काही बोलणे झाले नाही, वन्सं बोलल्या ते मी पोटातच ठेवले.”

पहिल्या भागात पती हा कर्ता नाहीच. तो केवळ एक दिशा आहे, जिकडून बोलणे येते किंवा येत नाही. ‘ही सेड नथिंग’ म्हटले की अर्थ पोचतो, पण वाट पाहणारी पत्नी नाहीशी होते. ‘फ्रॉम हिम देअर केम नो वर्ड’ ही रचना दिशा राखते आणि इंग्रजीही राहते. पण ती पानोपानी आली तर भाषा ताठ व ग्रांथिक होईल. जिथे पत्नीची प्रतीक्षा हाच प्रसंगाचा गाभा आहे, अशा मोजक्या जागीच ती वापरावी. इतरत्र साधे ‘ही’ पुरे.

‘वन्सं’ म्हणजे नणंद. इंग्रजीतील ‘सिस्टर-इन-लॉ’त नणंद, जाऊ, भावजय, मेहुणी साऱ्या एकाच पंगतीला बसतात आणि नणंदेचा अधिकार हरवतो. येथे मूळ शब्द ठेवून पहिल्याच प्रसंगात ‘पतीची बहीण’ हे नाते वाक्याच्या ओघात सांगून टाकावे. तळटीप नको, कारण तळटीपेत जिव्हाळा टिकत नाही.

‘पोटात ठेवणे’ हा तर सापळाच आहे. इंग्रजीत पोटाचा शब्द क्रियापद म्हणून वापरला की त्याचा अर्थ ‘सहन करणे’ असा होतो. ‘गिळले’ म्हटले तर अपमानाची धग वाढते. मराठीत सांगायचे आहे ते एवढेच की ही गोष्ट पतीच्या कानावर घातली नाही. म्हणून ‘आय डिड नॉट कॅरी इट टू हिम’ हे अधिक जवळचे. पोट गेले, पण घराची शांती राखणारी सून शिल्लक राहिली.

भाषांतर साधले की नाही, हे ओळखण्याची एक कसोटी आहे. इंग्रजी परिच्छेदातील सारी नावे झाकावीत आणि बोलणारी व्यक्ती कोणाची कोण लागते, हे केवळ वाक्यांवरून उमगते का ते पाहावे. न उमगल्यास माहिती उतरली, व्यक्तिचित्र उतरले नाही. या कसोटीला ‘आमच्या’ मात्र कधीच पुरता उतरणार नाही. भाषांतरकाराने पती आणि पत्नी यांपैकी एकाला पुढे केले, की दुसरे मागे सरते. तो तोल त्याला शीर्षकात गमावून आतल्या वाक्यांतूनच परत मिळवावा लागतो.