समोरची व्यक्ती वैतागली आहे. सल्ला द्यायचा की ऐकायचं?

नुकतीच ओळख वाढलेली, आवडू लागलेली मुलगी रात्री मेसेज करते : "आज बॉसने सगळ्यांसमोर झापलं." आपण लगेच लिहितो, "एचआरकडे तक्रार कर." हेतू चांगला असतो, पण तिला वाटतं, विषय गुंडाळला. शिवाय तिचं ऑफिस आपल्याला अजून माहीतही नसतं.

त्याऐवजी जे समजलं ते आपल्या शब्दांत सांगा : "सगळ्यांसमोर? अपमान वाटला असेल." अंदाज चुकला तरी बिघडत नाही. ती सांगते, "अपमानापेक्षा राग आलाय. चूक माझी नव्हतीच." खरं दुखणं आता कळलं.

कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन यांनी १९५७ मध्ये याला 'अ‍ॅक्टिव्ह लिसनिंग' म्हटलं. मात्र तिचंच वाक्य पोपटासारखं परत म्हणू नका. "मी काय करू?" असं तिने विचारलं, की सल्ला द्या.