पोटगीचे समांतर दावे व दुहेरी वसुलीस प्रतिबंध

पोटगी : (निर्वाहखर्च). स्वतःचा निर्वाह करण्यास असमर्थ असलेल्या पत्नीस, अपत्यांस किंवा मातापित्यांस कायद्याने देवविली जाणारी रक्कम. भारतात पोटगीचा हक्क एकाच कायद्यात सांगितलेला नाही. फौजदारी प्रक्रिया संहिता, विवाहविषयक अधिनियम, निर्वाहविषयक अधिनियम आणि कौटुंबिक हिंसाचारविषयक अधिनियम यांत तो वेगवेगळ्या रीतीने आला आहे. त्यामुळे एकच स्त्री एकाच काळासाठी दोन किंवा तीन न्यायालयांकडे पोटगी मागू शकते. असे दावे लावण्यास बंदी नाही. मात्र एकाच निर्वाहासाठी दोनदा वसुली होऊ नये, हा नियम न्यायालयांनी क्रमाक्रमाने निश्चित केला.

समांतर दाव्यांचे मूळ फौजदारी कायद्यातील कमाल मर्यादेत सापडते. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४८८ खालील पोटगी निराधारांना भीक मागण्याची किंवा भटकण्याची वेळ येऊ नये, एवढ्यापुरती होती. दंडाधिकाऱ्याने थोडक्या चौकशीअंती ती मंजूर करावयाची असे. तिची दरमहा मर्यादा प्रथम ५० रुपये होती. ती १९२३ मध्ये १०० रुपये व १९५५ मध्ये ५०० रुपये झाली. याहून अधिक हवे असल्यास दिवाणी न्यायालयात जावे लागे. त्या काळी दुसरा दावा हा पहिल्याची पुरवणी असे. हिंदू विवाह अधिनियमाने (१९५५) दाव्याच्या काळातील पोटगी (कलम २४) व कायम पोटगी (कलम २५), तर हिंदू दत्तकग्रहण व निर्वाह अधिनियमाने (१९५६) विवाह कायम असतानाची पोटगी (कलम १८) उपलब्ध करून दिली.

१९७३ च्या संहितेत कलम १२५ ने कलम ४८८ ची जागा घेतली. ५०० रुपयांची मर्यादा मात्र तशीच राहिली. त्याच संहितेच्या कलम १२७ मध्ये दुहेरी लाभाविषयी स्पष्ट तरतूद आली. पोटगीचा हुकूमनामा करताना दिवाणी न्यायालयाने दंडाधिकाऱ्याच्या आदेशान्वये प्रत्यक्ष दिलेली किंवा वसूल झालेली रक्कम विचारात घ्यावी, असे तीत म्हटले आहे. येथे ‘दिलेली किंवा वसूल झालेली’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. केवळ आदेशात लिहिलेली, पण हाती न पडलेली रक्कम वजावटीस पात्र नसते.

वजावटीच्या तत्त्वास मर्यादाही आहे. मुंबईतील बाई ताहिरा खटल्यात तिचे स्वरूप स्पष्ट झाले. घटस्फोटाच्या वेळी मेहेरची ५,००० रुपयांची रक्कम दिल्यामुळे दंडाधिकाऱ्याची पोटगी चालू राहू शकत नाही, असा पतीचा बचाव होता. व्यक्तिगत कायद्यानुसार देय असलेली पूर्ण रक्कम दिली गेल्यास आदेश रद्द करण्याची तरतूद कलम १२७ मध्ये होती. तिचा आधार त्याने घेतला. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये हा बचाव फेटाळला. पूर्वी दिलेली रक्कम निर्वाहाची वाजवी जागा घेण्याइतकी असली पाहिजे. नाममात्र रक्कम देऊन पुढील जबाबदारीतून मोकळे होता येत नाही, असे न्यायालयाने ठरविले.

कलम १२५ खालील मर्यादा महाराष्ट्राने १९९९ मध्ये १,५०० रुपयांपर्यंत वाढविली. २००१ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती साफ काढून टाकली. पुढे कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम (२००५) अंमलात आला. त्याच्या कलम २० प्रमाणे मिळणारी पोटगी अन्य कायद्यांखालील पोटगीच्या ‘व्यतिरिक्त’ असू शकते. आता प्रत्येक न्यायालय पूर्ण निर्वाहाची रक्कम ठरवू शकत असल्याने दुसरा दावा पुरवणीपुरता उरला नाही आणि दुहेरी वसुलीचा प्रश्न खऱ्या अर्थाने तीव्र झाला. ‘व्यतिरिक्त’ या शब्दावरून काही उच्च न्यायालयांनी प्रत्येक आदेश स्वतंत्रपणे पाळला पाहिजे, असा अर्थ काढला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये विशाल विरुद्ध अपर्णा या प्रकरणात वेगळी भूमिका घेतली. अन्य कार्यवाहीत मिळालेला लाभ दंडाधिकाऱ्यास कळविण्याचे बंधन याच अधिनियमाच्या कलम २६ ने स्त्रीवर घातले आहे. वजावट करावयाचीच नसती, तर ही माहिती मागण्यास प्रयोजन उरले नसते.

हीच भूमिका सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनेश विरुद्ध नेहा या निर्णयात योग्य ठरविली. हे प्रकरण नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून आले होते. त्या न्यायालयाने पत्नीस दरमहा १५,००० रुपये व मुलास प्रथम ५,००० आणि नंतर १०,००० रुपये अंतरिम पोटगी दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि त्या निमित्ताने देशभरासाठी निर्देश दिले. त्यांनुसार अर्जदाराने पूर्वीची कार्यवाही व आदेश उघड करावयाचे असतात. नंतरच्या न्यायालयाने पूर्वीची रक्कम वजा किंवा समायोजित करावयाची असते. पूर्वीच्या आदेशात बदल हवा असल्यास तो त्याच कार्यवाहीत मागावा लागतो. दोन्ही पक्षांनी मालमत्ता व दायित्वांचे प्रतिज्ञापत्र दाखल करावे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असेही निर्देश आहेत.

हिशेबाची रीत एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. चाकण औद्योगिक पट्ट्यातील कारखान्यात काम करणारा एक कामगार खेड तालुक्यातील निघोजे येथे राहतो. पत्नी बीड जिल्ह्यात माहेरी आहे. तिने तेथील दंडाधिकाऱ्याकडे हिंसाचारविषयक अधिनियमाखाली अर्ज केला व जानेवारी २०२३ पासून दरमहा ६,००० रुपये मंजूर झाले. पतीने खेड येथे घटस्फोटाचा दावा लावला. त्यात पत्नीने जुलैमध्ये कलम २४ खाली अर्ज केला व त्या महिन्यापासून ९,००० रुपयांची पोटगी ठरली. पूर्वीचा आदेश उघड झाला नाही, तर पतीवर १५,००० रुपयांचा बोजा पडतो. तो उघड झाल्यास एकूण देणे ९,००० राहते. त्यांपैकी ६,००० पहिल्या आदेशान्वये व ३,००० दुसऱ्यान्वये द्यावयाचे असतात.

थकबाकीत चूक होण्याचा संभव अधिक असतो. जुलै ते डिसेंबर या सहा महिन्यांचे देणे ५४,००० रुपये होते. पतीने त्या काळात पहिल्या आदेशाचे केवळ चार महिन्यांचे २४,००० दिले असतील, तर तेवढेच वजा होऊन ३०,००० उरतात. सहा महिन्यांचे ३६,००० वजा केल्यास पत्नीचे १२,००० रुपये बुडतात. उलट, ३०,००० वसूल झाल्यावर पहिल्या न्यायालयात त्याच दोन महिन्यांच्या १२,००० साठी पुन्हा वॉरंट काढले गेले, तर दुहेरी वसुली होते. म्हणून प्रत्येक पावतीवर महिना व कार्यवाहीचा क्रमांक असणे आवश्यक ठरते.

समायोजन म्हणजे पूर्वीचा आदेश रद्द होणे नव्हे. कलम २४ खालील पोटगी दाव्याबरोबर संपते. तेव्हा दंडाधिकाऱ्याचा आदेश कायम असल्यास ६,००० रुपयांचे देणे चालूच राहते. तसेच हिंसाचाराबद्दलची नुकसानभरपाई (कलम २२) निर्वाहासाठी नसल्याने ती पोटगीतून वजा होत नाही.

ही सर्व व्यवस्था पक्षकारांच्या प्रकटीकरणावर अवलंबून आहे. २०२० च्या निर्देशांचे पालन होत नसल्याचे सर्वोच्च न्यायालयास २०२३ मध्ये आढळले व ते पुन्हा प्रसृत करण्याचा आदेश द्यावा लागला. १ जुलै २०२४ पासून कलम १२५ ची जागा भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली असून वजावटीची तरतूद कलम १४६ मध्ये आली आहे. पोटगीचे मार्ग अद्याप अनेकच आहेत. त्यांचा हिशेब मात्र एकत्र करावा लागतो.