कामसमाप्तीची सूचना (रोजंदारी कामगार)

प्रकल्पाचे काम पूर्ण होत असल्याने कामगाराची नेमणूक अमुक तारखेस संपते, असे मालक किंवा कंत्राटदार कामगाराला लेखी कळवतो व त्याला किती रक्कम देणे आहे याचा तपशील त्यात मांडतो, ते पत्र. बांधकामावर हिला ‘काम बंदची नोटीस’ किंवा नुसते ‘हिशोबाचे पत्र’ म्हणतात. पूल, रस्ता, धरण, कालवा, इमारत अशा ठरावीक मुदतीच्या कामांवर ती दिली जाते, निदान दिली जावी अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात पुष्कळ साइटवर मुकादम ‘उद्यापासून येऊ नका’ असे तोंडी सांगतो आणि विषय संपतो.

भारतात या पत्रामागचा मूळ कायदा म्हणजे औद्योगिक विवाद अधिनियम, 1947. त्याची जागा औद्योगिक संबंध संहिता, 2020 ने घेतली असून ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. या पत्रापुरत्या तरतुदी फारशा बदललेल्या नाहीत. जुने कलम 25 फफफ आता कलम 75 झाले आणि कपातीच्या अटींचे कलम 25 फ आता कलम 70 आहे.

कलम 75 मधला बांधकामाविषयीचा नियम नीट वाचावा लागतो. बांधकामासाठी उभारलेला उपक्रम सुरू झाल्यापासून दोन वर्षांच्या आत काम पूर्ण होऊन बंद झाला, तर कामगाराला भरपाई मिळत नाही. दोन वर्षे उलटली, तर ज्याची सलग सेवा किमान वर्षभराची आहे त्याला भरपाई मिळते. ती दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी असते आणि सहा महिन्यांपेक्षा जास्त उरलेला भाग पूर्ण वर्ष धरला जातो. कंत्राटदारांच्या कार्यालयात याचा अर्थ सर्रास असा लावतात की दोन वर्षांच्या आत काम संपले की काहीच द्यायचे नाही. तो चुकीचा आहे. दोन वर्षांची सवलत फक्त भरपाईपुरती आहे. वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला एक महिन्याची कारणासह लेखी सूचना, किंवा तिच्या बदल्यात महिन्याचे वेतन, ही अट त्या सवलतीने उठत नाही. दोन वर्षे मोजायची ती उपक्रम सुरू झाल्यापासून. कामगार मागाहून आला असला तरी त्याची हजेरीची तारीख इथे कामाची नाही. ती भरपाईचा आकडा काढताना लागते.

‘सलग वर्ष’ म्हणजे मागच्या बारा महिन्यांत 240 दिवस काम. सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये अमेरिकन एक्स्प्रेस बँकेच्या खटल्यात ठरवले की पगारी साप्ताहिक सुट्ट्याही या दिवसांत धरायच्या. मात्र 240 दिवस भरले हे सिद्ध करण्याचा भार कामगारावर आहे, असे त्याच न्यायालयाने 2002 मध्ये हदिमनी प्रकरणात सांगितले. मस्टर कंत्राटदाराच्या कपाटात आणि पुराव्याचा भार कामगारावर, अशी ही विषम स्थिती आहे. म्हणूनच नेमणुकीची तारीख लिहिलेले कामसमाप्तीचे पत्र रोजंदारी माणसाच्या हाती येणे मोलाचे ठरते, आणि नेमक्या त्याच कारणाने काही कंत्राटदार ते द्यायचे टाळतात.

शेवटच्या दिवशीचे पत्र कितीही नेटके असले तरी त्याचा जोर पहिल्या दिवशीच्या पत्रावर अवलंबून असतो. 1984 च्या दुरुस्तीने कायद्यात कलम 2 मध्ये अशी भर पडली की कराराची मुदत संपल्याने किंवा करारातील अटीनुसार नोकरी संपली, तर ती ‘कपात’ धरली जाणार नाही. या आधारावर मालक म्हणू लागले की काम संपले, माणूस संपला, देणे काही नाही. बेळगाव जिल्ह्यात दूरध्वनीचे जाळे वाढवण्यासाठी 1980 च्या दशकात घेतलेल्या हंगामी मजुरांचे प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. निलजकर विरुद्ध दूरसंचार जिल्हा व्यवस्थापक या 2003 च्या निकालात न्यायालयाने सांगितले की हा आधार घेणाऱ्या मालकाने काही गोष्टी दाखवल्या पाहिजेत. काम तात्पुरत्या योजनेचे होते, योजना संपली की नोकरी संपेल असा करार होता, नोकरी खरोखर योजनेबरोबरच आणि करारानुसार संपली, आणि ही गोष्ट कामगाराला नेमणुकीच्या वेळीच सांगितली होती. यातली शेवटची अट बहुतेक ठिकाणी मालकाला नडते, कारण पहिल्या दिवशी कागदच झालेला नसतो. मग कितीही सुबक भाषेत ‘प्रकल्प पूर्ण झाल्याने’ लिहिले तरी ते मागाहून सुचलेले कारण ठरते.

काम खरोखर संपले का, हे कागदावरून तपासता येते. सरकारी कामात अंतिम मोजमापे मोजमाप पुस्तिकेत नोंदली जातात आणि खाते काम पूर्णत्वाचा दाखला देते. सूचनेतल्या तारखेनंतरही त्याच पुलाचे कठडे, रंग आणि जोडरस्ता चालू असेल, तर प्रकल्प संपलेला नाही. फक्त सेंटरिंगच्या टोळीचे काम संपले आहे. टोळीचे काम संपणे ही कपात आहे आणि तिला शेवटी आलेला आधी जाईल हा ज्येष्ठतेचा नियम लागतो. त्याच टोळीला आठवड्याभरात कंत्राटदाराच्या दुसऱ्या साइटवर नव्या नावाने हजेरी लावली, तर ‘समाप्ती’वर संशय आणखी वाढतो. महाराष्ट्रात कामगारांना वर्षानुवर्षे बदली किंवा हंगामी म्हणून ठेवून कायमपणाच्या लाभांपासून दूर ठेवणे ही 1971 च्या अधिनियमाने अनुचित कामगार प्रथा मानली होती.

आता देण्यांचा तपशील. समजा, एका पुलाचे काम 10 जानेवारी 2024 रोजी सुरू झाले आणि 30 जून 2026 रोजी संपते. एक गवंडी 1 मार्च 2024 पासून तिथे रोज 800 रुपयांवर आहे. दोन वर्षे उलटलेली असल्याने भरपाई लागू होते. त्याची सेवा दोन वर्षे चार महिने. वरचे चार महिने सहापेक्षा कमी म्हणून सुटतात. तेव्हा भरपाई दोन वर्षांची : पंधरा दिवस गुणिले 800 गुणिले दोन, म्हणजे 24,000 रुपये. जूनच्या 22 हजेऱ्यांचे 17,600 रुपये. अठरा तास जादा काम दुप्पट दराने, म्हणजे तासाला 200 प्रमाणे 3,600. न घेतलेल्या अकरा भरपगारी रजांचे 8,800. बेरीज 54,000 होते. त्याने कामावर असताना घेतलेली उचल 6,000 रुपये शिल्लक आहे, ती वजा जाता हाती 48,000.

या हिशोबात महिन्याच्या सूचनेचे पैसे नाहीत, कारण पत्र 30 मे रोजीच दिले असे धरले आहे. ते 30 जूनलाच दिले असते, तर महिन्याचे वेतन, 26 हजेऱ्यांचे म्हणून 20,800 रुपये, वर चढले असते. रोजंदारीवरच्या माणसाचे सरासरी वेतन शेवटच्या बारा पूर्ण कामाच्या दिवसांवरून काढतात. म्हणून शेवटच्या पंधरवड्यात दर पाडून हिशोब केला आहे का, हे पाहावे.

उचलीत एक फसवी जागा आहे. गावाहून येताना प्रवासखर्चासाठी दिलेली उचल वेतनातून कापता येत नाही. मुकादमाच्या वहीत मात्र प्रवास, भाकरीतांदूळ आणि घरी पाठवलेले पैसे एकाच रकान्यात असतात. पत्रात उचल तारीखवार लिहिली असेल तरच हा गोंधळ सुटतो.

बोनस पत्रात बहुधा विसरला जातो. वर्षात किमान तीस दिवस काम आणि ठरलेल्या मर्यादेतले वेतन असेल, तर 8.33 टक्के किमान बोनस देय होतो. ठेकेदारामार्फत बांधकामावर असलेल्यांना पूर्वी कायद्याने त्यातून वगळले होते. ते वगळणे 2007 मध्ये काढून टाकले गेले. वरच्या गवंड्याचा 2025-26 चा बोनस 30 नोव्हेंबर 2026 पर्यंत द्यायचा, आणि एप्रिल ते जून 2026 चा त्यापुढच्या वर्षी. तोपर्यंत तो कुठल्या गावी, कुठल्या साइटवर असेल कोणास ठाऊक. म्हणून पत्रात रक्कम किंवा देय तारीख आणि त्याचा बँक खातेक्रमांक लिहून ठेवणे एवढाच व्यवहार्य उपाय आहे.

ग्रॅच्युइटीला साधारण पाच वर्षे लागतात, पण तारीख ठरवून केलेल्या लेखी करारावरील निश्चित मुदतीच्या कामगाराला नव्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार वर्षभराच्या सेवेनंतर प्रमाणात ती मिळते. त्यामुळे मालकापुढे पेच असतो. करारातली मुदत दाखवून भरपाई टाळायची, तर मुदतीच्या कामगाराची ग्रॅच्युइटी द्यावी लागते. दोन्ही टाळणारा कागद तयार करण्याचा प्रयत्न पुष्कळजण करतात. तो वादात टिकणे कठीण आहे.

पैसे केव्हा द्यायचे? वेतन संहिता, 2019 नुसार काढलेल्या किंवा काम बंद पडल्याने बेरोजगार झालेल्या कामगाराचे वेतन दोन कामाच्या दिवसांत. भरपाई आधी दिली नाही म्हणून बंद करणेच बेकायदा ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1960 मध्ये हातीसिंग प्रकरणात म्हटले; पण रक्कम देण्याची जबाबदारी राहतेच. कंत्राटदार पळून गेला, तर वेतनाची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे काम देणाऱ्या खात्यावर किंवा कंपनीवर येते. त्यासाठी पत्रात मूळ मालकाचे नाव असायला हवे.

पत्राबरोबर आणखी दोन गोष्टी जातात. एक, भविष्य निर्वाह निधीचा सार्वत्रिक खातेक्रमांक आणि नोंदवलेली काम सोडल्याची तारीख. ही तारीख न टाकल्याने पुढे रक्कम काढताना अडते. दुसरी, नव्वद दिवसांच्या कामाचा दाखला. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी किंवा नूतनीकरण त्याच्याशिवाय होत नाही, आणि साइट उठल्यावर तो देणारा शोधून सापडत नाही.

पोचपावतीवर ‘सर्व येणे मिळाले’ असे छापलेले असते आणि पैसे पुढच्या आठवड्यात मिळणार असतात. अशा वेळी सहीखाली ‘पत्र मिळाले, रक्कम मिळालेली नाही’ असे लिहून अंगठा किंवा सही करावी आणि एक प्रत आपल्याकडे ठेवावी. पत्र कामगाराला समजणाऱ्या भाषेत असणे हेही इथेच कामी येते. तेलुगू किंवा ओडिया बोलणाऱ्या टोळीला इंग्रजी पत्रावर अंगठे लावून घेतले, तर त्यांनी काय मान्य केले हे मालकालाही सिद्ध करता येत नाही.

वेतनाच्या थकबाकीचा दावा आता तीन वर्षांत करता येतो. काम संपवण्यालाच आव्हान द्यायचे असेल, तर औद्योगिक संबंध संहितेने त्यासाठी दोन वर्षांची मुदत ठेवली आहे.