नसबंदीची सक्ती आणि उलटलेले आकडे

'हे करच' म्हटलं की ते करावंसं वाटत नाही, हा अनुभव सगळ्यांचाच. जॅक ब्रेम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1966 मध्ये त्याला सिद्धांताचं रूप दिलं. त्याला म्हणतात सायकॉलॉजिकल रिअ‍ॅक्टन्स. एखादी निवड आपल्या हातात आहे असं माणूस मानत असतो. कुणी ती हिरावू लागलं, की ती परत मिळवण्याची ओढ लागते. निवड जितकी महत्त्वाची, तितकी ओढ जास्त.

आता इतिहासात येऊ. आणीबाणीत, ऑगस्ट 1976 मध्ये, महाराष्ट्र विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. पण देशभर उद्दिष्टांचा दबाव होताच. 1975-76 मध्ये देशात सुमारे 27 लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या होत्या, 1976-77 मध्ये त्या 82 लाखांवर गेल्या. मार्च 1977 मध्ये सरकार पडलं, सक्ती संपली आणि 1977-78 चा आकडा साडेनऊ लाखांच्या आसपास आला. म्हणजे सक्ती वाढण्याआधी होता, त्याच्याही खाली!

हाच रिअ‍ॅक्टन्सचा पुरावा, असं लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. पण थांबा. पुढच्या वर्षी ज्यांची शस्त्रक्रिया झाली असती, त्यांची आदल्याच वर्षी उरकली असेल. शिवाय नव्या सरकारने उद्दिष्टांचा जोर काढला, त्यामुळे शिबिरंही कमी झाली. या दोन्ही कारणांनी आकडा घसरतोच, त्यासाठी कुणाच्या मनात चीड असायची गरज नाही.

मग एकूण आकडा सोडून त्याची फोड बघा. 1976-77 मध्ये दर चार शस्त्रक्रियांपैकी तीन पुरुषांच्या होत्या; पुढच्या वर्षी पाचातली जेमतेम एक. सक्तीचा रोख मुख्यतः पुरुषांवर होता आणि तीच पद्धत सर्वात जास्त कोसळली. भार स्त्रियांवर गेला. हे रिअ‍ॅक्टन्सशी जुळतं, पण भीतीशीही जुळतं. जबरदस्तीच्या शस्त्रक्रियेच्या गोष्टी ऐकून माणूस घाबरूनही लांब राहतो.

चीड की भीती, हे आकडे सांगणार नाहीत. त्यासाठी त्या पिढीशी बोलावं लागेल. समजा तुम्ही वाशीममध्ये मुलाखती घेताय. 'नसबंदी का नाही केली?' एवढंच विचारू नका. 'घरात मुलं किती हवी होती? दुसरा कुठला उपाय केला का? कुणी दबाव आणला नसता तर केली असती का?' हेही विचारा. कुटुंब लहान हवं होतं, शस्त्रक्रियेची धास्तीही नव्हती, तरी 'सरकार सांगतंय म्हणून नाही' असं उत्तर आलं, तर तो रिअ‍ॅक्टन्स. फक्त लक्षात ठेवा, इतक्या वर्षांनी आठवणीत भीतीचीही चीड होते.

आणि कागदपत्रं शोधताना अकोल्याची दप्तरं मागा. वाशीम जिल्हा 1998 मध्ये वेगळा झाला.