शब्दांचा साठा : ‘ट्राय’ की शोधवृक्ष?

शुद्धलेखन तपासणाऱ्या संगणक प्रणालीला टंकलेला शब्द आपल्या कोशात आहे की नाही, हे तत्काळ ठरवावे लागते. शब्द साठविण्याच्या ज्या रचना त्यासाठी वापरल्या जातात, त्यांपैकी एक म्हणजे ‘ट्राय’. रेने दे ला ब्रियांदे यांनी १९५९ मध्ये ही रचना मांडली, तर एडवर्ड फ्रेडकिन यांनी १९६० मध्ये तिला हे नाव दिले.

ट्रायमध्ये अखंड शब्द एका ठिकाणी नसतो. मुळापासून निघणाऱ्या वाटेवर त्याची चिन्हे क्रमाने मांडलेली असतात. समजा, ‘करवत’, ‘करवंद’ आणि ‘कर’ हे शब्द याच क्रमाने साठवायचे आहेत. ‘करवत’साठी क, र, व, त असे चार नोड तयार होतात. ‘करवंद’ ‘व’पर्यंत त्याच वाटेने जातो, पुढे अनुस्वार आणि ‘द’ असे दोनच नोड नव्याने लागतात, कारण युनिकोडमध्ये अनुस्वार हे स्वतंत्र चिन्ह आहे. ‘कर’साठी एकही नवा नोड लागत नाही, ‘र’वर शब्द संपल्याची खूण तेवढी केली जाते.

शोध घेताना हीच वाट चालायची असते. वाट मध्येच तुटली, तर शब्द नाही. ‘करव’ शोधल्यास वाट सापडते, पण ‘व’वर खूण नसल्याने उत्तर ‘नाही’ असेच येते. खूण तपासण्यास विसरल्यास प्रत्येक अर्धवट शब्द शुद्ध ठरतो.

द्विमान शोधवृक्षात प्रत्येक नोडवर पूर्ण शब्द असतो. लहान शब्द डावीकडे, मोठा उजवीकडे. वरील क्रमाने ‘करवत’ मुळाशी येतो, ‘करवंद’ त्याच्या डावीकडे आणि ‘कर’ त्याच्याही डावीकडे. ‘कर’ शोधताना तीन तुलना होतात आणि प्रत्येक वेळी ‘क’ व ‘र’ पुन्हा वाचावे लागतात. ट्रायमध्ये दोनच पावले पुरतात.

एक लाख शब्दांच्या संतुलित वृक्षात जास्तीत जास्त सुमारे १७ तुलना लागतात. मात्र अकारविल्हे लावलेली यादी संतुलन न राखणाऱ्या वृक्षात तशीच भरली, तर प्रत्येक नवा शब्द उजवीकडेच जातो आणि वृक्षाची एक लाख नोडांची साखळी बनते. ट्रायचा आकार भरण्याच्या क्रमावर अवलंबून नसतो. शोधाची पावले शब्दाच्या लांबीएवढीच राहतात.

या वेगाची किंमत स्मृतीत मोजावी लागते. युनिकोडमधील देवनागरी विभागात १२८ जागा आहेत. प्रत्येक नोडमध्ये तितके ८ बाइटचे दुवे राखल्यास एका नोडला १,०२४ बाइट लागतात. वरील तीन शब्दांचे, मूळ धरून, सात नोड होतात. म्हणजे ७,१६८ बाइट, आणि त्यांतील बहुतेक जागा रिकाम्या. म्हणून प्रत्यक्ष वापरात असलेल्याच दुव्यांची छोटी यादी नोडमध्ये ठेवतात. शब्द थोडे आणि स्मृती अपुरी असल्यास संतुलित शोधवृक्ष सोयीचा. कोश मोठा आणि आरंभीची अक्षरे सामाईक असल्यास ट्राय सरस ठरतो.